३० हजारांचं अकाउंट, कॅल्क्युलेटर म्हणतो रिस्क ऑफ रुइन १.७%, आणि ५ आठवड्यांत खलास. चुकलं कुठे?

ऐरोलीकर (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधला प्रकार आहे, आत्तापर्यंत कोणाला सांगितला नव्हता. महापेला ऑफिस आहे, सकाळी सव्वानऊला जागेवर बसलो की टेबलाखाली फोनवर चार्ट. निफ्टीचे ऑप्शन फक्त बाय करायचो, सेलिंग नाही. अकाउंट ३०,००० चं. तेव्हा लॉट ७५ चा होता. साधारण १२० च्या प्रीमियमला एक लॉट, म्हणजे ९,०००. स्टॉप ४० पॉइंट, टार्गेट ८० पॉइंट. लॉस झाला तर ३,००० जाणार, प्रॉफिट झाला तर ६,००० येणार. एका दिवशी एकच ट्रेड, रिव्हेंज ट्रेड एकही नाही, स्टॉप कधी हलवला नाही, हे शपथेवर सांगतो.

सुरू करायच्या आधी वहीत ३० पेपर ट्रेड केले होते. १२ जिंकले १८ हरले, म्हणजे ४०% विन रेट आणि १ ला २ चा रेशो. नेटवर एक रिस्क ऑफ रुइनचा, म्हणजे अकाउंट बुडायची शक्यता काढणारा कॅल्क्युलेटर सापडला त्यात हे टाकलं, एका ट्रेडला १०% रिस्क टाकली, उत्तर आलं १.७%. म्हटलं शंभरात दोघंपण नाही बुडत, आपण कशाला बुडतोय.

प्रत्यक्षात २० ट्रेड झाले. ५ जिंकले, १५ हरले. अकाउंटला उरले ८,३५०. त्यात पुढचा लॉटच येईना म्हणून थांबलो, शहाणपणाने नाही.

काल दुसऱ्या एका साइटवर तेच आकडे टाकले तर १४% आलं. आता हे १.७ की १४? आणि १४ जरी धरलं तरी माझं एवढ्या लवकर कसं काय झालं? नशीब म्हणून सोडून द्यायचं का?

---

कोपरखैरणे_बॉय (शनिवार, रात्री १०:५८)

भाऊ ३० हजारात ५ आठवडे काढलेस हेच रेकॉर्ड आहे 😂 माझे १० हजार दोन एक्स्पायरीत गेलेले, हिरो झिरो खेळायला गेलो आणि हिरो आलाच नाही

---

चहा_आणि_चार्ट (शनिवार, रात्री ११:१५)

१.७ बरोबर आहे. फॉर्म्युला असा, एज म्हणजे एका ट्रेडमागे सरासरी किती सुटतं ते काढायचं, मग १ वजा एज भागिले १ अधिक एज, आणि त्याचा घात तुझ्याकडे जेवढे युनिट आहेत तेवढा. तुझी एज ०.४ गुणिले २ वजा ०.६ म्हणजे ०.२. ०.८ भागिले १.२ म्हणजे ०.६६७, त्याचा दहावा घात ०.०१७. झालं. तुझं बॅड लक होतं एवढंच, सिस्टिम पॉझिटिव्ह आहे, सोडू नकोस. सगळे ड्रॉडाउनमध्ये सिस्टिम सोडतात आणि मग ती चालायला लागते.

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, सकाळी ८:०५)

चहा, तो फॉर्म्युला खोटा नाही पण तो छापा-काट्याचा आहे. जेवढं हरलास तेवढंच जिंकलास, अशा खेळाचा. ऐरोलीकरचा खेळ तसा नाही, हरला तर एक जातो आणि जिंकला तर दोन येतात. त्या फॉर्म्युल्यात ०.२ कोंबलं की तो समजतो तू ६०% वेळा जिंकतोस. ४०% वेळा जिंकणाऱ्याचा रस्ता फार खडबडीत असतो, त्याला सलग हार जास्त बघायला लागते, आणि ते त्या आकड्यात येतच नाही. नेटवरचे बरेच कॅल्क्युलेटर हीच गडबड करतात.

कागदावर असं बघ. गणपतीत जागरणाला आपण पत्ते खेळतो ना काडेपेटीच्या काड्यांवर, तसं. एक काडी म्हणजे तुझे ३,०००. तुझ्याकडे १० काड्या. हरलास की एक द्यायची, जिंकलास की दोन घ्यायच्या.

आता समज हातात एकच काडी आहे. ती जाऊन तू उठून जायची शक्यता किती? तिला क्ष म्हणू. ६०% वेळा पहिल्याच डावात गेली, विषय संपला. उरलेल्या ४०% वेळा दोन आल्या, हातात तीन झाल्या. आता बाहेर पडायला तिन्ही काड्या एकेक करून गमवायला लागतील, आणि प्रत्येक गमवायची शक्यता पुन्हा तेवढीच, क्ष. म्हणून क्ष = ०.६ + ०.४ गुणिले क्षचा घन.

०.८२ घालून बघ. घन ०.५५, त्याचा ०.४ पट ०.२२, अधिक ०.६, परत ०.८२. जमलं. म्हणजे एक काडी घेऊन बसलेला माणूस १०० पैकी ८२ वेळा उठून जातो, खेळ त्याच्या बाजूचा असूनसुद्धा! दहा काड्या असतील तर ०.८२३ चा दहावा घात, १४%. तुझी दुसरी साइट बरोबर होती.

---

ऐरोलीकर (रविवार, सकाळी ९:२०)

ताई काड्यांचं डोक्यात गेलं. ०.८२ बघून पोटात गोळा आला जरा. पण तरी १४ म्हणजे सातात एक. तो एक मीच का?

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, सकाळी ९:४१)

तू सातातला एक नव्हतास असं मला वाटतंय. तुझी कॉन्ट्रॅक्ट नोट काढ आणि सांग, हरलेल्या ट्रेडला बँकेत खरोखर किती कमी झाले आणि जिंकलेल्याला खरोखर किती आले. वहीतले नकोत, नोटवरचे.

---

ऐरोलीकर (रविवार, सकाळी ११:५०)

बसलो काढून. बायको म्हणते रविवारी सकाळी पण तेच का 🙏

ब्रोकरेज २० घेताना २० विकताना, त्यावर एसटीटी, एक्स्चेंजचा चार्ज, जीएसटी, स्टँप ड्यूटी, सगळं धरून एका ट्रेडला ७० च्या आसपास. ते मला माहीत होतं, ७० ला काय भ्यायचं. पण दुसरं लक्षातच आलं नव्हतं. घेताना मार्केट ऑर्डर मारायचो, तर १२० दिसायचं आणि १२२ ला मिळायचं. स्टॉप लागताना पण तेच, ठरवलेल्या भावाच्या दोन पॉइंट खाली सुटायचं. ४ पॉइंट गुणिले ७५ म्हणजे ३००. टार्गेटला लिमिट ऑर्डर असायची तिथे काही कटत नव्हतं, पण घेतानाचे दोन पॉइंट म्हणजे १५० तिथे पण गेलेच.

म्हणजे हरलो की ३,३७० जायचे, जिंकलो की ५,७८० यायचे. १५ गुणिले ३,३७० वजा ५ गुणिले ५,७८० = २१,६५०. ३० हजारातून वजा केले की ८,३५०. बरोब्बर जुळतंय.

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, दुपारी १२:३०)

बघ आता. तुझा रेशो २ नव्हताच, ५,७८० भागिले ३,३७० म्हणजे १.७१५. आणि काडी ३,३७० ची झाली, म्हणून काड्या १० नाही, ८.९. दोन्हीकडून मार. तेच गणित परत केलं (क्ष = ०.६ + ०.४ गुणिले क्षचा २.७१५ वा घात) की क्ष येतो ०.९०५५. त्याचा ८.९ वा घात ०.४१.

१४ चे ४१ झाले, ७० रुपये आणि चार पॉइंटांनी.

बरेच जण म्हणतात खर्च म्हणजे प्रॉफिटमधून थोडे कमी झाले एवढंच. तसं नाही रे. तुझी एज आधीच पातळ होती, काडीमागे २० पैसे. खर्चाने त्यातले ११ खाल्ले, उरले जेमतेम ९. आणि बुडायची शक्यता एज कमी झाली की सरळ रेषेत वाढत नाही, शेवटी शेवटी उडी मारते.

---

वाशी_मार्केट (रविवार, दुपारी २:१०)

शेअरमधलं मला कळत नाही, मी एपीएमसीत कांदा-बटाटा करतो. पण बुडणं बघितलंय चिक्कार. मार्केटात नवीन पोरगा येतो, १० लाख घेऊन येतो, त्याला वाटतं १० लाख संपले की मी बुडालो. तसं नसतं. एक गाडी भरायला माल, भाडं, हमाली धरून समजा तीन लाख लागतात. तर गल्ल्यात तीनच्या खाली आले त्या दिवशी तो संपला. अडीच लाख खिशात असतील पण गाडी येत नाही ना, मग मार्केटात उभा राहून करणार काय. आमच्या पुतण्याचं असंच झालं, वर त्याने आमच्याकडूनच उधार मागितले ते वेगळं. तुमच्या विषयाला धरून नसेल तर सोडून द्या.

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, दुपारी २:५५)

दादा, तुम्ही नेमकं विषयातलंच बोललात, आणि मी ते विसरले होते.

ऐरोलीकर, तुझी गाडी ९,००० ची. तू शून्यावर थांबला नाहीस, ९,००० च्या खाली गेलास तिथेच थांबलास. म्हणजे खेळायला ३०,००० नव्हतेच कधी, २१,००० होते. २१,००० भागिले ३,३७० म्हणजे ६.२ काड्या. ०.९०५५ चा ६.२ वा घात ०.५४.

काटेकोर बोलायचं तर हे वरचं टोक आहे, कारण शेवटचा लॉस तुला ९,००० वर आणून सोडत नाही, थोडा खालीच नेतो. त्यामुळे खरा आकडा पन्नासच्या थोडा वर असेल. एवढ्याने काही फरक पडत नाही. तू सातातला एक नव्हतास, दोनातला एक होतास.

आता हाच ट्रेड, हाच माणूस, हाच ४०% विन रेट, फक्त अकाउंट १,७०,००० चं धर. काडी तीच ३,३७०, म्हणजे अकाउंटच्या २%. गाडीचे ९,००० बाजूला ठेवून ४७ काड्या. ०.९०५५ चा ४७ वा घात ०.०१ च्या आत. एकाला ५४%, दुसऱ्याला १%. दोघंही तोच चार्ट बघतायत.

ज्याला आपले आकडे टाकून बघायचेत त्याने हे चालवा. n म्हणजे काड्या, गाडीचे पैसे वजा करून.

```python
p, b, n = 0.40, 1.715, 6.23
f = lambda x: p*x**(b+1) - x + (1-p)
lo, hi = 0.0, 0.999
for _ in range(60):
    m = (lo+hi)/2
    if f(m) > 0: lo = m
    else: hi = m
print(lo, lo**n)
```

---

चहा_आणि_चार्ट (रविवार, संध्याकाळी ५:२०)

ओके छापा-काट्याचं मान्य, ते माझं चुकलं. पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. तुम्ही सगळे फिक्स ३,००० धरताय. १०% रिस्क म्हणजे उरलेल्या रकमेच्या १०%. ३०,००० ला ३,०००, मग २७,००० ला २,७००, मग २४,३०० ला २,४३०. असं केलं तर अकाउंट कधीच शून्य होत नाही, गणिताने सिद्ध आहे. रुइनच नाही मग.

---

ऐरोलीकर (रविवार, संध्याकाळी ५:४५)

हे मी पण वाचलेलं. पण करू कसं? २,४३० रिस्क घ्यायची तर लॉट कमी करायला पाहिजे, आणि एकच्या खाली लॉट कुठे आहे?

---

चहा_आणि_चार्ट (रविवार, संध्याकाळी ५:५२)

स्टॉप छोटा कर. २,४३० भागिले ७५, ३२ पॉइंट.

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, संध्याकाळी ६:३०)

चहा, गणित बरोबर, माल चुकीचा. पाऊण लॉट मिळत असता तर तू म्हणतोस ते चाललं असतं. शेअर एकेक घेणाऱ्याला चालतं, त्याला दहाचे नऊ, नऊचे आठ करता येतात. इथे लॉट तुटत नाही म्हणून सगळा भार स्टॉपवर येतो. अकाउंट १५,००० वर आलं की १० टक्के म्हणजे १,५००, म्हणजे २० पॉइंटचा स्टॉप. आणि ज्या २% च्या नियमाचा सगळीकडे गजर चालतो तो ३०,००० ला लावला तर ६०० रुपये, ८ पॉइंट. १२० च्या प्रीमियमला ८ पॉइंट म्हणजे काही बातमी नसताना, कोणी शिंकलं नसताना पण लागतो. मग तुझा ४०% विन रेट तिथे राहणार आहे का? तो ४० पॉइंटच्या स्टॉपचा विन रेट होता. स्टॉप बदललास की वहीतले ३० ट्रेड कचऱ्यात.

छोट्या अकाउंटचं खरं दुखणं हे आहे. लोक म्हणतात शिस्त नाही, लोभी आहेत. ऐरोलीकरने तर स्टॉप एकदाही हलवला नाही. त्याला २% रिस्क घ्यायची सोयच नव्हती. एक तर ११% घे, नाहीतर खेळू नको.

आणि टक्क्यांच्या हिशोबाने शून्य होत नाही हे खरं, पण सलग दहा हरले की उरतात ३५%. परत ३०,००० व्हायला उरलेल्याचे जवळजवळ तिप्पट करायला लागतात. त्याला रुइन नाही म्हणायचं तर नको म्हणू.

---

चहा_आणि_चार्ट (रविवार, संध्याकाळी ६:४१)

सलग दहा कोण हरतं ताई

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, संध्याकाळी ६:५०)

दहा नाही तर सात घे. ०.६ चा सातवा घात जेमतेम २.८%, म्हणून वाटतं आपल्याला नाही येणार. पण ही मालिका १०० ट्रेडमध्ये कुठूनही सुरू होऊ शकते. १०० ट्रेडमध्ये एकदा तरी सलग सात हरण्याची शक्यता जवळजवळ सत्तर टक्के निघते. रोज एक ट्रेड म्हणजे पाच महिने. आणि ऐरोलीकरकडे काड्या होत्या सहा.

---

घोडबंदर_काका (रविवार, रात्री ९:०५)

सर्वांना नमस्कार. मी रिटायर्ड आहे. माझ्या मते मूळ चूक ऑप्शन बाय करण्यात आहे. ४०% विन रेट म्हणजे नापासच की. मी गेली दोन वर्षे ऑप्शन विकतो. माझा विन रेट ८०% आहे, पाचपैकी चार ट्रेड जिंकतो. जिंकलो की सरासरी १,५०० मिळतात. हरलो तर सहा-सात हजार जातात, पण ते पाचात एकदाच. माझे अकाउंट १२ लाखांचे आहे आणि ते अजून शाबूत आहे. विन रेट वाढवा, रिस्क ऑफ रुइन आपोआप कमी होईल.

---

कोपरखैरणे_बॉय (रविवार, रात्री ९:१२)

काका ४ गुणिले १,५०० = ६,०००. आणि एक लॉस ७,०००. पाच ट्रेडला हजार मायनस 😶

---

घोडबंदर_काका (रविवार, रात्री ९:३०)

मी सहा-सात म्हणालो. सहा धरा. शिवाय सगळे महिने सारखे नसतात. दोन वर्षांत मी प्लसमध्येच आहे, माझे स्टेटमेंट सांगते.

---

सुमेधा_नौपाडा (रविवार, रात्री ९:५५)

काका, सहा धरले तर बरोबर शून्य निघतं, म्हणजे काड्या नुसत्या इकडून तिकडे. आणि फायदा शून्य असेल तर हे गणित म्हणतं क्ष = १, थांबलाच नाहीत तर कधीतरी संपणारच, मग सुरुवातीला कितीही काड्या असोत. फक्त १२ लाखांना ते उमगायला फार वेळ लागतो. छोटं अकाउंट चूक महिन्यात दाखवतं, मोठं वर्षं घेतं. तुम्ही प्लसमध्ये आहात हे मी नाकारत नाही. एकच विचारते, हे सात हजार आजवरचं सरासरी नुकसान आहे की आजवरचं सगळ्यात मोठं? आणि मार्केट गॅपने उघडलं त्या दिवसाचा त्यात समावेश आहे का? या गणितात प्रत्येक लॉस एकाच मापाचा धरलाय. विकणाऱ्याच्या बाबतीत ते गृहीतच डळमळीत, एका सकाळी दहा काड्या एकदम जाऊ शकतात.

---

घोडबंदर_काका (रविवार, रात्री १०:२०)

बघून सांगतो.

---

रबाळे_नाइटशिफ्ट (रविवार, रात्री ११:४८)

थोडं साइड टॉपिक. सेबीचा २०२४ चा रिपोर्ट आहे, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४, इंडिव्हिज्युअल एफ अँड ओ ट्रेडरपैकी ९३% लॉसमध्ये, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेलाय. मला आधी वाटायचं हे ९३% म्हणजे कोर्स विकणाऱ्यांच्या नादी लागलेले लोक. आता ऐरोलीकरची केस वाचून वाटतं यात स्टॉप पाळणारे पण भरपूर असतील.

माझा प्रश्न वेगळाच. मी दर महिन्याला पगारातून ५,००० टाकतो अकाउंटला. ते काड्यांत धरायचे का? म्हणजे माझ्या काड्या संपल्या तरी महिनाअखेरीला दीड काडी परत येते ना.

---

सुमेधा_नौपाडा (सोमवार, सकाळी ७:१५)

रबाळे, चांगला प्रश्न आणि माझ्याकडे सरळ उत्तर नाही. अकाउंट संपायची तारीख त्याने पुढे जाते हे नक्की. पण क्ष १ असेल तर तू पगार हळूहळू त्यात ओततोयस आणि अकाउंट संपत नसल्यामुळे ते दिसतच नाही. भरलेले पैसे आणि कमावलेले पैसे वेगळ्या रकान्यात लिहितोस का?

---

रबाळे_नाइटशिफ्ट (सोमवार, सकाळी ७:३०)

नाही 😐 शिफ्ट सुटली, झोपून उठून बघतो

---

ऐरोलीकर (सोमवार, दुपारी १:२५)

जेवणाच्या सुट्टीत कोड चालवला. ताईंच्या आकड्यांना ०.९०५ आणि ०.५४ आलं. मग विचार केला, ४०% हा विन रेट तरी कुठून आला? ३० पेपर ट्रेडमधून. खरे २० त्यात मिळवले तर ५० पैकी १७, म्हणजे ३४%. p ला 0.34 टाकलं तर 0.999 आणि 0.99 असं काहीतरी येतंय. किती पण काड्या टाकल्या तरी पहिला आकडा 0.999 च. कोड बिघडला का?

---

सुमेधा_नौपाडा (सोमवार, दुपारी २:०५)

कोड बिघडला नाही. उत्तर शोधता शोधता तो भिंतीपर्यंत गेला, भिंत मी 0.999 ला ठेवली होती. म्हणजे १ च्या आत क्ष नाहीच. तुझ्या १.७१५ रेशोला बरोबरीत राहायलाच ३६.८% विन रेट लागतो (१ भागिले २.७१५). त्याच्या खाली गेलास की काड्या १० असोत नाहीतर १,०००, शेवट ठरलेला.

पेपर आणि खरे एकत्र करणं मला तितकंसं पटत नाही, पेपरवर हात कापत नाही आणि स्लिपेज नसतं. पण तू बरोबर जागी बोट ठेवलंस. ३० ट्रेडवर ४०% दिसलं तर खरा आकडा सहज नऊ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो, ३१ पण आणि ४९ पण. तुझ्या रेशोला ३१ म्हणजे नक्की बुडणं आणि ४९ म्हणजे मजा. ३० ट्रेडवरून यातला कोणता ते कळत नाही. खरोखर ४०% चा माणूस २० पैकी पाच किंवा त्याहून कमी जिंकेल अशी शक्यता १२-१३ टक्के आहे, म्हणजे तुझे २० ट्रेडसुद्धा काही सिद्ध करत नाहीत. तू ४०% वाला असून कमनशिबी असशील, किंवा कधी ४०% वाला नसशीलच.

---

ऐरोलीकर (सोमवार, दुपारी २:२०)

आणि ते कळायला आणखी दोनशे-तीनशे ट्रेड लागणार, आणि माझ्याकडे सहाच काड्या होत्या. बरं. ते ८,३५० अजून तिथेच पडून आहेत, ऑक्टोबरपासून हात लावला नाही. लॉट येत नव्हता त्यात.

---

कोपरखैरणे_बॉय (सोमवार, दुपारी २:३१)

आता येतो की भाऊ 😄 जानेवारीपासून लॉट ६५ चा झालाय. १२० गुणिले ६५ = ७,८००. उद्या मंगळवार, एक्स्पायरी पण आहे

---

सुमेधा_नौपाडा (सोमवार, दुपारी २:४४)

येतो. हरला तर स्लिपेज धरून २,९३० जातील, उरतील ५,४२०, त्यात पुढचा लॉट नाही. म्हणजे एक काडी पण पुरती नाही, पहिल्याच डावात ६०% वेळा विषय संपला.

---

कोपरखैरणे_बॉय (सोमवार, दुपारी २:४६)

आणि जिंकला तर १३ हजारच्या वर

---

सुमेधा_नौपाडा (सोमवार, दुपारी २:५०)

त्यातून गाडीचे ७,८०० वजा कर. दोन काड्या नाहीत.

---

ऐरोलीकर (सोमवार, संध्याकाळी ७:३५)

घरी येताना ट्रेनमध्ये विथड्रॉलची रिक्वेस्ट टाकली. ८,३५० पुरते. काका, तुम्ही तो सगळ्यात मोठा लॉस बघून सांगणार होतात.